चालक, वाहक आणि दोन्ही

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, तेव्हापासून गाडीत दोन माणसं हा हिशेब आपल्या डोळ्यांना सवयीचा आहे. पुढे स्टिअरिंगवर चालक आणि आत गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडणारा वाहक. पुढे तिकिटं फाडायची थांबली आणि वाहकाच्या गळ्यात यंत्र आलं, तरी जोडी तीच राहिली. एकाकडे जड वाहन चालवायचा परवाना, दुसऱ्याकडे वाहकाचा परवाना आणि बिल्ला. मोटार वाहन कायद्यात या दोन परवान्यांची प्रकरणंसुद्धा वेगवेगळी आहेत. अलीकडच्या भरतीत मात्र महामंडळाने ‘चालक तथा वाहक’ असं पद काढलं. दोन्ही परवाने बाळगणारा एकच माणूस, गरजेप्रमाणे गाडीही चालवेल आणि तिकिटंही देईल.

प्रवाशाला याने काही फरक पडत नाही. पण ‘कर्मचारी एक तर चालक असतो, नाही तर वाहक’ असं गृहीत धरून कुणी संगणकावरचा नोंदींचा आराखडा बेतला असेल, तर त्याची पंचाईत होते. हा नवा माणूस बसवायचा कुठे? चालकांच्या यादीत टाकला तर त्याच्या वाहक परवान्याला रकाना नाही. वाहकांच्या यादीत टाकला तर जड वाहनाचा परवाना कुठे लिहायचा? दोन्हीकडे टाकला तर एका माणसाचे दोन झाले.

हा घोळ प्रोग्रॅम लिहिताना होत नाही. तो त्याच्या आधी होतो, कागदावर चौकोन काढताना. डेटाबेस बांधायच्या आधी माहितीचा जो नकाशा काढतात त्याला ईआर आकृती म्हणतात. पीटर चेन यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात ती मांडली. ज्या गोष्टींची नोंद ठेवायची त्या एंटिटी, म्हणजे चौकोन. त्यांच्यातली नाती म्हणजे शंकरपाळे. प्रत्येक गोष्टीची माहिती, म्हणजे नाव, तारीख, क्रमांक, हे ॲट्रिब्यूट, चौकोनाला चिकटलेले लंबगोल. ‘आगारात गाड्या असतात’, ‘कर्मचारी आगारात काम करतो’ एवढं सांगायला ही भाषा पुरेशी आहे. पण ‘चालक हा एक प्रकारचा कर्मचारी आहे’ हे वाक्य चेनच्या मूळ मांडणीत नीट बसत नाही. ‘प्रकार’ हे दोन वेगळ्या वस्तूंमधलं नातं नसतं. चालक आणि कर्मचारी या दोन व्यक्ती नव्हेत, माणूस एकच आहे.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जॉन स्मिथ आणि डायन स्मिथ या जोडीने डेटाबेसच्या संदर्भात जनरलायझेशनची कल्पना मांडली. ऐंशीच्या दशकात अनेकांनी त्यात भर घातली आणि एक्स्टेंडेड, म्हणजे विस्तारित ईआर आकृती तयार झाली. रमेझ एल्मासरी आणि शामकांत नवाथे यांच्या पाठ्यपुस्तकामुळे तिची चिन्हं जगभरच्या वर्गांमधून फिरली. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांनीही वहीत काढलेलं ते वर्तुळ, त्यातलं इंग्रजी ‘डी’ किंवा ‘ओ’ अक्षर आणि वरची एकेरी-दुहेरी रेघ याच पुस्तकातून आलेली असते. परीक्षेत ही चिन्हं बहुतेकांना जमतात. ती कशासाठी आहेत हे पुष्कळांच्या लक्षात येतं ते नोकरीत, आणि तेही काहीतरी बिघडल्यावर. म्हणून आपण एका काल्पनिक आगाराची कर्मचारी-नोंद नव्याने आखू या.

पहिला प्रयत्न कुणीही करील तसा. ‘कर्मचारी’ नावाचं एकच टेबल. क्रमांक, नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, मूळ वेतन. मग चालकांसाठी जड वाहन परवान्याचा क्रमांक आणि त्याची मुदत. वाहकांसाठी वाहक परवाना आणि बिल्ला क्रमांक. कार्यशाळेतल्या यांत्रिकांसाठी त्यांचा आयटीआयचा ट्रेड. झालं. आता लिपिकाची ओळ बघा: शेवटचे पाच रकाने रिकामे. वाहकाची बघा: परवान्याची मुदत रिकामी. पण ही मुदत ‘लागू नाही’ म्हणून रिकामी आहे, की चालकाची असून भरायची राहिली आहे, हे त्या रिकाम्या चौकटीकडे बघून कळत नाही. परवान्याची मुदत संपत आलेल्या चालकांची यादी हवी असेल, तर नेमका जो चालक भरायचा राहिला तोच यादीतून सुटतो. अशा टेबलांचं खरं दुखणं हे आहे. जागा वाया जाते ही तक्रार आता फारशी कुणी करत नाही.

म्हणून वर एक चौकोन ठेवायचा, कर्मचारी. तो सुपरक्लास. त्याच्याखाली चालक, वाहक, यांत्रिक असे तीन चौकोन. ते सबक्लास. सगळ्यांना लागू ते वर, आणि ज्याचं त्याला लागू ते खाली. नाव आणि जन्मतारीख खाली पुन्हा लिहायची नाही. ती वरून वारशाने येते. असा वरून खाली विभागत जाण्याचा मार्ग म्हणजे स्पेशलायझेशन.

खालचे चौकोन काढायला दुसरंही एक कारण आहे आणि माझ्या मते ते पहिल्याहून जास्त वजनदार आहे. बसची फेरी आणि चालक यांच्यात ‘कामगिरी’ हे नातं आहे: अमुक फेरीवर अमुक चालक. हे नातं ‘कर्मचारी’ या वरच्या चौकोनाला जोडलं, तर लेखा शाखेतल्या लिपिकाला रातराणीच्या स्टिअरिंगवर बसवायला आकृतीची हरकत राहणार नाही. तेच नातं ‘चालक’ या खालच्या चौकोनाला जोडलं की ही चूक करताच येत नाही. एखाद्या प्रकाराला स्वतःचं वेगळं ॲट्रिब्यूटही नसेल आणि वेगळं नातंही नसेल, तर त्याचा चौकोन काढू नये. ‘वीस वर्षं सेवा झालेला कर्मचारी’ असा सबक्लास काढायचा मोह होतो. पण ती नुसती एक चाळणी आहे, रुजू झाल्याच्या तारखेवरून हवी तेव्हा लावता येते.

आता हाच प्रवास उलट्या दिशेने. समजा आगारात आधीपासून तीन नोंदी वेगवेगळ्या चालू आहेत. वाहतूक शाखेने चालकांची आणि वाहकांची वेगळी फाइल केलेली, कार्यशाळेने आपली तिसरी. तिन्ही समोर ठेवल्या तर नाव, जन्मतारीख, रुजू दिनांक, वेतन हे रकाने तिन्हीकडे दिसतात. हे समान रकाने उचलून वर एक ‘कर्मचारी’ चौकोन तयार करणं म्हणजे जनरलायझेशन. शेवटी कागदावर आकृती तीच उमटते. म्हणून दोन्हीत फरक काय, असं विद्यार्थी विचारतात. फरक आकृतीत दिसला नाही तरी आकृतीवर काढलेल्या रेघेत उरतो. वरून खाली आलात तर ‘यातले काही कोणत्याच प्रकारात बसत नाहीत का?’ हा प्रश्न आपोआप समोर येतो. खालून वर गेलात तर तो येतच नाही, कारण वरचा चौकोन खालच्या तिघांचीच बेरीज असतो. तीन फायलींत नसलेला पहारेकरी मग नव्या आराखड्यातही नसतो. त्याला कुणी वगळलेलं नसतं. तो मुळात कुणाला दिसलेलाच नसतो.

इथून पुढे दोन प्रश्न विचारायचे असतात, आणि ते दोन आहेत हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं. एक: एकच व्यक्ती दोन सबक्लासमध्ये असू शकते का? दोन: प्रत्येक व्यक्ती निदान एका सबक्लासमध्ये असलीच पाहिजे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर डिसजॉइंट, वर्तुळात ‘डी’. ‘हो’ असेल तर ओव्हरलॅपिंग, वर्तुळात ‘ओ’. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर टोटल, म्हणजे वरच्या चौकोनापासून वर्तुळापर्यंत दुहेरी रेघ. ‘नाही’ असेल तर पार्शल, एकेरी रेघ. एका उत्तरावरून दुसरं काढता येत नाही. डिसजॉइंट असूनही पार्शल असू शकतं, ओव्हरलॅपिंग असूनही टोटल असू शकतं. चारही जोड्या खऱ्या आयुष्यात सापडतात.

आपल्या आगाराला पहिला प्रश्न विचारू. चालक–वाहक डिसजॉइंट की ओव्हरलॅपिंग? ‘चालक तथा वाहक’ आहे म्हटल्यावर ओव्हरलॅपिंग, असं चटकन म्हणावंसं वाटतं. पण आस्थापना शाखेतल्या माणसाला विचारलं तर तो ठामपणे नाही म्हणेल. त्याच्या दृष्टीने एका वेळी एका कर्मचाऱ्याचं एकच पद असतं, पगार त्या पदाचा निघतो, ज्येष्ठता यादी त्या पदाची लागते. ‘चालक तथा वाहक’ हे त्याच्या लेखी तिसरं, वेगळं पद आहे. वाहतूक शाखेतला, रोज सकाळी कामगिऱ्या लावणारा माणूस नेमकं उलट सांगेल. त्याला पदाचं नाव नको असतं. आज कोण गाडी काढू शकतो आणि कोण तिकिटं देऊ शकतो, एवढंच त्याला हवं असतं. ज्याच्याकडे दोन्ही परवाने, तो त्याच्या दोन्ही याद्यांत.

दोघांचंही बरोबर आहे. ते वेगवेगळ्या कसोटीने विभागणी करताहेत. एकाची कसोटी पद, दुसऱ्याची परवाना. आणि विस्तारित ईआर आकृतीत एकाच सुपरक्लासखाली दोन स्वतंत्र वर्तुळं काढायला पूर्ण मुभा आहे. पहिलं वर्तुळ पदानुसार. त्यात ‘डी’, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला काही ना काही पद असतंच म्हणून वर दुहेरी रेघ. मात्र मग खाली लिपिक, पहारेकरी सगळ्यांचे चौकोन हवेत, नाही तर दुहेरी रेघ खोटी ठरते. दुसरं वर्तुळ परवान्यानुसार. त्यात ‘ओ’, कारण दोन्ही परवाने एकाकडे असू शकतात. आणि वर एकेरी रेघ, कारण लिपिकाकडे यातला एकही नसला तरी चालतं. परवान्याचे क्रमांक आणि मुदती दुसऱ्या वर्तुळाखाली जातात. कामगिरीचं नातंही दुसऱ्याच वर्तुळाला जोडायचं, पदाच्या वर्तुळाला नाही.

हे दोन वर्तुळांचं काम एकात उरकायचा प्रयत्न झाला की पुढे कसं दिसतं? ‘पद’ नावाचा एकच रकाना, त्यात एकच मूल्य निवडायची सोय. नवा माणूस रुजू होतो, नोंद करणारा ‘चालक’ निवडतो आणि वाहक परवान्याला जागा नाही म्हणून ‘शेरा’ या रकान्यात टंकून ठेवतो: वाहक बिल्लापण आहे. शेऱ्याच्या रकान्यात अशी वाक्यं दिसायला लागली की समजावं, आकृतीत ‘ओ’ हवं तिथे ‘डी’ पडलंय. दुसरी खूण अधिक महागात जाते. कुणीतरी त्याच माणसाची दुसरी नोंद नव्या क्रमांकाने वाहक म्हणून करतो. मग भविष्यनिर्वाह निधीचा एकच खाते क्रमांक दोन कर्मचारी क्रमांकांपुढे दिसतो. पत्ता बदलला तर एकीकडे बदलतो, दुसरीकडे राहतो. आगाराच्या मनुष्यबळाच्या आकड्यात एक माणूस जास्त भरतो. हे हुडकायला फार अक्कल लागत नाही. निधीच्या क्रमांकावर गट करून एकापेक्षा जास्त ओळी कुठे येतात तेवढं बघायचं.

डिसजॉइंटचा अर्थ लावताना आणखी एक घोटाळा होतो, तो काळाचा. डिसजॉइंट म्हणजे एका वेळी एकच. जन्मभर एकच असा त्याचा अर्थ नाही. चालकाची नजर कमी झाली आणि तो वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला, तरी नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे त्याला तेवढ्याच वेतनाच्या दुसऱ्या योग्य पदावर घ्यावं लागतं. आकृतीच्या भाषेत, तो ‘चालक’ या सबक्लासमधून बाहेर पडला आणि समजा ‘पहारेकरी’मध्ये आला. ‘कर्मचारी’ या सुपरक्लासमधून तो क्षणभरही बाहेर पडलेला नाही. नियम असा की खालून नाव काढलं तर वरचं राहतं, पण वरून काढलं तर खालचं सगळं जातं. सेवानिवृत्तीच्या हिशेबासाठी त्याची रुजू तारीख वरच्या चौकोनात सुरक्षित असते. म्हणूनच ती वर ठेवायची.

हे वर-खाली प्रकरण टेबलांत उतरवायच्या तीन-चार रीती आहेत. कुठली चालेल हे ठरतं त्या ‘डी’, ‘ओ’ आणि रेघेवरून. परीक्षेतल्या चिन्हांचा पगार इथे मिळतो.

काही जण वरचं टेबल ठेवतच नाहीत. चालकांचं एक, वाहकांचं एक, यांत्रिकांचं एक, आणि नाव-जन्मतारखेचे रकाने तिन्हींत. जोडणी करावी लागत नाही, काम झटपट होतं. पण ही रीत टोटल आणि डिसजॉइंट असेल तेव्हाच बिनधोक आहे. पार्शल असेल तर पहारेकऱ्याला राहायला टेबलच नाही. ओव्हरलॅपिंग असेल तर दोन्ही परवानेवाल्याचं नाव दोन टेबलांत दोनदा. आणि नजर अधू झालेल्या आपल्या चालकाला एका टेबलातून काढून दुसऱ्यात नव्याने भरावं लागतं. भरणाऱ्याने रुजू तारखेच्या रकान्यात बदलीची तारीख घातली, तर सेवेची आधीची वर्षं कागदोपत्री गायब.

दुसरी रीत एकाच मोठ्या टेबलाची. त्यात प्रकाराचा एक रकाना ठेवला तर डिसजॉइंट आपोआप पाळलं जातं, कारण एका चौकटीत एकच मूल्य मावतं. ओव्हरलॅपिंगसाठी मात्र प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र हो-नाही रकाना लागतो: चालक आहे का, वाहक आहे का. दोन्ही ‘हो’ असू शकतात. प्रकार थोडे आणि त्यांचे खास रकाने मोजके असतील तर ही रीत वाईट नाही. रिकाम्या चौकटींचं दुखणं मात्र परत येतं.

वरचं टेबल आणि खालची टेबलं दोन्ही ठेवणं ही तिसरी रीत. खालच्या टेबलाची प्राथमिक किल्ली तीच जी वरच्याची, म्हणजे कर्मचारी क्रमांक. ती चारही जोड्यांत चालते. पण चालते याचा अर्थ नियम पाळते असा नाही. नुसती तीन टेबलं काढली तर एकच क्रमांक चालकांत आणि यांत्रिकांत दोन्हीकडे टाकायला डेटाबेस अडवणार नाही. पदानुसार विभागणीत डिसजॉइंट सक्तीने पाळायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे:

```sql
CREATE TABLE karmachari (
  kramank INT PRIMARY KEY,
  nav     VARCHAR(80) NOT NULL,
  pad     CHAR(1) NOT NULL,
  UNIQUE (kramank, pad)
);
CREATE TABLE yantrik (
  kramank INT PRIMARY KEY,
  pad     CHAR(1) NOT NULL CHECK (pad = 'Y'),
  trade   VARCHAR(40),
  FOREIGN KEY (kramank, pad)
    REFERENCES karmachari (kramank, pad)
);
```

यांत्रिकांच्या टेबलात पद नेहमी `Y` असलंच पाहिजे आणि क्रमांक-पदाची ती जोडी वरच्या टेबलात सापडलीच पाहिजे. वर त्या माणसाचं पद लिपिकाचं असेल तर जोडी जुळत नाही आणि नोंद नाकारली जाते. पदाचा रकाना दोन्हीकडे आल्याने पुनरुक्ती होते खरी, पण ती पहाऱ्यावर ठेवलेली पुनरुक्ती आहे.

टोटल पाळणं याहून अवघड. आधी वरची ओळ घालावी लागते, कारण खालची तिच्यावर टेकते. म्हणजे क्षणभर का होईना, कर्मचारी आहे पण प्रकार नाही, अशी स्थिती येणारच. साध्या फॉरेन कीने ‘खाली निदान एक ओळ असलीच पाहिजे’ असं म्हणता येत नाही. काही डेटाबेसमध्ये हा तपास व्यवहार पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकायची सोय असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठी लांबणीवर टाकता येणारे ट्रिगर लिहितात. बहुतेक ठिकाणी मात्र दोन्ही ओळी एकाच व्यवहारात घालायची जबाबदारी प्रोग्रॅमवर असते आणि रात्री एक तपासणी चालवतात: वर असलेले पण खालच्या एकाही टेबलात नसलेले क्रमांक कोणते? यादी रिकामी आली पाहिजे. कागदावर दुहेरी रेघ काढून ही तपासणी कुणीच लिहिली नसेल, तर ती रेघ शोभेची.

आगारातून आता गाडीत येऊ, कारण तिथे हेच प्रश्न अधिक टोकदार होतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ या वयात निम्मं भाडं ही सवलत होतीच. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं भाडं लागू झालं. आता ६८ वर्षांच्या एक आजी गाडीत चढतात. त्या महिला आहेत आणि ज्येष्ठही आहेत. ‘प्रवासी’ हा सुपरक्लास धरला तर महिला, ज्येष्ठ, विद्यार्थी, दिव्यांग हे सबक्लास उघडच ओव्हरलॅपिंग आहेत. आणि पार्शलही, कारण चाळिशीतला धडधाकट पुरुष यातल्या कशातच नाही.

पण वाहकाचं यंत्र प्रवासी नोंदवत नाही, ते तिकीट नोंदवतं. तिकीट हा सुपरक्लास धरला की चित्र पालटतं. एक तिकीट एकाच योजनेखाली निघतं, कारण सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं आणि एकाच तिकिटाची भरपाई दोन योजनांतून मागता येत नाही. म्हणजे इथे ‘डी’. माणसं तीच, गाडी तीच, योजना त्याच. वर कोणती वस्तू ठेवली यावरून उत्तर बदललं. आपल्या आराखड्यात ही वस्तू आधी पक्की न करता ‘ज्येष्ठ आणि महिला ओव्हरलॅपिंग आहेत का?’ यावर खल करणाऱ्या बैठका मी पुष्कळ पाहिल्यात. दोन्ही बाजूंचे लोक बरोबर असतात आणि बैठक संपत नाही.

वयाची सीमा आणखी एक गोष्ट दाखवते. ज्येष्ठ असणं हे कुणी नोंदवायचं नसतं. ते जन्मतारखेवरून ठरतं. अशा सबक्लासला प्रेडिकेट-डिफाइन्ड म्हणतात. वाढदिवस आला की माणूस एका सबक्लासमधून दुसऱ्यात सरकतो, कुणी काही टंकायची गरज नसते. म्हणून ‘ज्येष्ठ: हो’ असा रकाना साठवून ठेवणं चूक, कारण पासष्टावा वाढदिवस झाल्यावर तो बदलायला कुणाला आठवणार आहे? जन्मतारीख साठवावी आणि प्रकार दर वेळी काढावा. परवाना मात्र असा काढता येत नाही. तो मिळाल्याची नोंद कुणालातरी हाताने करावीच लागते.

आता आजींच्या तिकिटाकडे. त्या ७६ वर्षांच्या असत्या तर प्रश्न सोपा होता. ज्येष्ठांच्या योजनेत प्रवास फुकट, महिलांच्या योजनेत निम्मं भाडं, तेव्हा त्या अर्थातच पहिली घेतील. ६८व्या वर्षी दोन्हीकडे निम्मंच. आजींना फरक नाही, त्यांना तेवढेच पैसे द्यायचे. वाहकालाही त्या क्षणी फरक नाही. फरक आहे तो भरपाईच्या हिशेबात, हे तिकीट कोणत्या योजनेच्या नावावर पडलं यात. आणि याचं उत्तर आकृती देत नाही. कोणत्या योजनेला प्राधान्य हे परिपत्रकाने ठरवायचं असतं. आकृतीतलं ‘डी’ एवढंच करतं की हा प्रश्न आराखड्याच्या बैठकीत, पहिलं तिकीट निघायच्या आधी, टेबलावर येतो. ‘डी’ नसेल तर एक वाहक महिला योजनेचं बटण दाबतो, दुसरा ज्येष्ठांचं, आणि दोन आगारांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायच्या लायकीचे राहत नाहीत.

तिकिटांच्या बाबतीत टोटल करायचं असेल तर ‘पूर्ण भाडं’ हाही एक सबक्लास धरावा लागतो. तसं केलं की रोज संध्याकाळी एक साधी बेरीज तपासता येते. समजा एका फेरीत ५४ तिकिटं निघाली: पूर्ण भाड्याची २१, महिला २०, ज्येष्ठ ८, इतर सवलतींची ५. बेरीज ५४. बेरीज ५४ पेक्षा जास्त आली तर कुठेतरी एक तिकीट दोन योजनांत मोजलं गेलंय, म्हणजे डिसजॉइंट मोडलंय. कमी आली तर एखादं तिकीट कोणत्याच प्रकारात नाही, म्हणजे टोटल मोडलंय. एक दुहेरी आणि एक सुटलेलं अशी दोन्ही गफलत एकदम झाली तर बेरीज बरोबर येऊन फसवेल, तेव्हा तिकीट क्रमांकावर गट करूनच खात्री करावी. आणि हीच बेरीज प्रवाशांवर कुणी लावली, म्हणजे गाडीतल्या महिला अधिक ज्येष्ठ अधिक विद्यार्थी, तर ती प्रवाशांच्या संख्येशी जुळायची अपेक्षाच चुकीची आहे. तिथे आकडा वाढलेला दिसला तर तो बिघाड नाही.